कुलूपबंद पेंग्विन

लॅरी ईविंग याने 1996 साली गिम्प या मोफत चित्रप्रणालीत एक गुबगुबीत पेंग्विन काढला. काळी पाठ, पांढरं पोट, पिवळी चोच आणि पिवळे पाय. त्याचं नाव टक्स. लिनक्सचं बोधचिन्ह म्हणून तो आज जगभर ओळखला जातो. पण संगणक-सुरक्षा शिकवणाऱ्या वर्गांमध्ये याच टक्सची दुसरी एक प्रत फिरत असते. ती पूर्णपणे कूटबद्ध केलेली आहे, म्हणजे प्रत्येक बाइट किल्लीने बदललेला आहे. रंग सगळे विस्कटलेत, पोटावर कणीदार खडबडीतपणा आलाय, आणि तरीही समोर बसलेला पेंग्विन लहान मूलसुद्धा ओळखेल. चोच कुठे, डोळे कुठे, पाय कुठे, सगळं कळतं.

हे चित्र पाहणाऱ्याला वाटतं, की वापरलेलं कुलूपच तकलादू असणार. तसं मुळीच नाही. अशा प्रयोगात एईएस वापरलं तरी हेच चित्र मिळतं, आणि एईएस हे आज बँका, फोन, सरकारी यंत्रणा सगळीकडे वापरलं जाणारं कूटलेखन आहे. बेल्जियमच्या योआन डॅमन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी ते रचलं आणि 2001 साली अमेरिकेने ते प्रमाण म्हणून स्वीकारलं. या चित्रात एईएस जराही फुटलेलं नाही. त्या विस्कटलेल्या फाइलवरून किल्ली काढणं आजही कुणाला शक्य नाही. मग पेंग्विन दिसतो कसा?

याचं उत्तर कुलूप लावण्याच्या रीतीत आहे.

एईएस एका वेळी फक्त 16 बाइट घेतं. या सोळा बाइटच्या तुकड्याला ब्लॉक म्हणतात. किल्लीच्या मदतीने तो ब्लॉक घुसळून एईएस दुसरे 16 बाइट बाहेर काढतं. त्याचं काम एवढंच. पण आपल्या फाइली सोळा बाइटच्या नसतात, लाखो बाइटच्या असतात. त्यांचे ब्लॉक पाडून ते एकामागून एक कसे हाताळायचे हे एईएस सांगत नाही, ते वेगळं ठरवावं लागतं. ठरवायच्या त्या रीतीला मोड म्हणतात. सगळ्यात सरळ, कुणालाही पहिल्यांदा सुचेल असा मोड म्हणजे प्रत्येक ब्लॉक सुटा घ्या, त्याच किल्लीने घुसळा, जागच्या जागी ठेवून द्या, पुढचा घ्या. याचं नाव ईसीबी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कोडबुक.

नावातलं कोडबुक नीट समजून घेण्यासारखं आहे. तारेच्या जमान्यात व्यापारी आणि लष्करी कचेऱ्यांकडे सांकेतिक शब्दांचे जाडजूड कोश असत. डावीकडे खरा शब्द, उजवीकडे त्याचा ठरलेला संकेत. एकदा किल्ली ठरली, की एईएससुद्धा असाच एक कोश होतो. फक्त त्यात नोंदी 39 आकडी संख्येइतक्या असतात, त्यामुळे तो छापता येत नाही, दर वेळी हिशेब करून नोंद काढावी लागते. पण कोशाचा स्वभाव तोच राहतो: एका शब्दाला एकच संकेत, आज आणि उद्या, पहिल्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत.

लहानपणी आपण ‘च’ची भाषा बोलायचो. ‘पाणी’ झालं ‘चणीपा’, ‘मला’ झालं ‘चलाम’. समजा, ही भाषा न येणारा पाहुणा शेजारी बसलाय. त्याला ‘चणीपा’चा अर्थ कळत नाही, पण दहा मिनिटांत तो शब्द चार वेळा आला हे त्याच्या कानाला कळतंच. शिवाय चौथ्यांदा तो उच्चारल्यावर कुणी उठून तांब्या घेऊन आलं, की अर्थही कळतो. शब्द झाकला गेला, पण तोच शब्द पुन्हा आला ही गोष्ट झाकली गेली नाही. ईसीबीचा दोष नेमका हाच आहे. चित्रात मात्र तो फार मोठा होतो, कारण चित्रात सारखेपणाच जास्त असतो.

मी 320 बाय 320 पिक्सेलचं एक साधं पेंग्विनचं चित्र घेऊन हे करून पाहिलं. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट लागतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती, प्रत्येकी 0 ते 255. म्हणजे चित्राची एक आडवी ओळ 960 बाइटची आणि त्यात बरोबर साठ ब्लॉक. अख्ख्या चित्राचे 19,200 ब्लॉक.

आता पांढरी पार्श्वभूमी पाहू. पांढऱ्या पिक्सेलचे तिन्ही बाइट 255 असतात. म्हणून पांढऱ्या भागातला कुठलाही ब्लॉक म्हणजे सोळा वेळा 255. कोशात या ब्लॉकला एकच नोंद आहे, सोळा बाइटचा काहीतरी अगम्य संकेत. पांढऱ्याने अर्धं चित्र व्यापलं असेल, तर तोच संकेत साडेनऊ हजारांच्या आसपास वेळा उमटणार. पडद्यावर ते सोळा बाइट पाच-सव्वापाच रंगीबेरंगी पिक्सेल होऊन दिसतात, आणि तोच ठसा शेजारी शेजारी, ओळीखाली ओळ पडत जातो. ओळीत ब्लॉक बरोबर मावत असल्याने ठसे नेमके एकाखाली एक येतात आणि पार्श्वभूमीवर बारीक उभ्या रेघा तयार होतात. काळ्या पाठीचं तेच, फक्त ठसा वेगळा.

पिवळ्या चोचीत गंमत वेगळी आहे. पिवळ्या पिक्सेलचे तीन बाइट सारखे नसतात: लाल भरपूर, हिरवा बऱ्यापैकी, निळा अगदी कमी. सोळाला तिनाने भागलं की एक उरतो. त्यामुळे एक ब्लॉक लाल बाइटपासून सुरू झाला, तर पुढचा हिरव्यापासून, त्यापुढचा निळ्यापासून सुरू होतो, आणि चौथा पुन्हा लालपासून. म्हणून एकाच पिवळ्या रंगाचे तीन संकेत होतात आणि ते दर सोळा पिक्सेलनंतर फिरून येतात. रंग लपला, पण चोच हा सलग एकरंगी तुकडा आहे हे लपलं नाही.

आकाराच्या कडेवर मात्र ब्लॉक अर्धा काळा, अर्धा पांढरा असा येतो. असे ब्लॉक बहुधा एकमेकांपासून वेगळे असतात आणि त्यांचे संकेत कशासारखेच दिसत नाहीत, म्हणून कडेने खरखरीत ठिपके उठतात. नीट पाहिलं तर कूटबद्ध पेंग्विन आडव्या दिशेने पाच पिक्सेलनी भरड झालेला दिसतो, उभ्या दिशेने मात्र जवळजवळ जसाच्या तसा तीक्ष्ण. कारण ब्लॉक आडव्या ओळीत पडतात.

हे घरी करायला फार काही लागत नाही. चित्र पीपीएम या साध्या, न दाबलेल्या स्वरूपात हवं, सुरुवातीच्या तीन ओळींत त्याची मापं असतात. त्या ओळी उघड्या ठेवायच्या, नाहीतर चित्र उघडणारच नाही. बाकीचं सगळं कूटबद्ध करून पुन्हा जोडायचं.

```
head -n 3 tux.ppm > head.txt
tail -n +4 tux.ppm > body.bin
openssl enc -aes-128-ecb -K 00112233445566778899aabbccddeeff \
  -in body.bin -out body.ecb
cat head.txt body.ecb > tux-ecb.ppm
```

मापांच्या ओळी उघड्या ठेवणं म्हणजे फसवणूक नव्हे. चोरट्याच्या हाती नुसते कूटबद्ध बाइट लागले, तर तो वेगवेगळी रुंदी घालून पाहतो. रुंदी चुकली की चित्र तिरकं ओघळतं, बरोबर लागली की आकार सरळ उभा राहतो. किल्लीची गरज त्याला पडत नाही.

चित्र न उघडताही ईसीबीची खूण पटवता येते. सोळा-सोळा बाइटच्या ओळी करून मोजायचं, की कोणती ओळ किती वेळा आली:

```
xxd -p -c 16 body.ecb | sort | uniq -c | sort -rn | head
```

नीट कूटबद्ध केलेल्या फाइलीत 19,200 ब्लॉकमधले दोन योगायोगाने सारखे निघण्याची शक्यता इतकी नगण्य आहे, की तसा एक जोड सापडला तरी संशय घ्यावा. ईसीबीत मात्र यादीच्या डोक्यावर हजारोंचे आकडे येतात.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कॅमेऱ्याने काढलेला आपला फोटो असाच ईसीबीने कूटबद्ध केला, तर चेहरा बहुधा दिसणार नाही. एक तर जेपेगमध्ये फोटो आधीच दाबलेला असतो आणि दाबणं म्हणजे पुनरावृत्ती काढून टाकणंच. दुसरं, न दाबलेल्या फोटोतही निरभ्र आकाशाचा निळा रंग पिक्सेलगणिक एखाद्या अंकाने थरथरत असतो. सोळातला एक बाइट एका अंकाने बदलला, तरी एईएस पूर्णपणे वेगळा संकेत देतं. म्हणून ईसीबीची पकड बसते ती सपाट रंगांच्या चित्रांवर: बोधचिन्हं, नकाशे, आराखडे, पडद्याची छायाचित्रं, पांढऱ्या कागदावरच्या मजकुराच्या काळ्या-पांढऱ्या प्रती. पण फोटो दिसला नाही म्हणून ईसीबी चाललं असं कुणी म्हणू नये. तीच फाइल दुसऱ्यांदा पाठवली, तर दोन्ही पाकिटं तंतोतंत सारखी असतील आणि वाटेत बसलेल्याला कळेल, की हे पुन्हा तेच आहे.

चित्राशी काही संबंध नसलेल्या ठिकाणी हाच दोष केवढा महाग पडतो, ते 2013 च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. अडोबी कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेली आणि तेरा कोटींहून अधिक पासवर्ड कूटबद्ध रूपात बाहेर आले. कूटलेखन ट्रिपल डेस या जुन्या पद्धतीचं होतं, ब्लॉक आठ बाइटचा, मोड ईसीबी आणि सगळ्यांना एकच किल्ली. झालं असं, की ज्यांचा पासवर्ड सारखा त्यांच्यापुढचा संकेतही सारखा. त्यातच पासवर्ड विसरल्यास आठवावा म्हणून लोकांनी लिहिलेल्या खुणा त्याच नोंदीत उघड्या पडल्या होत्या. एका माणसाने खूण अवघड लिहिली असेल, पण तोच संकेत असलेल्या दुसऱ्या शेकडो जणांपैकी कुणीतरी खुणेतच पासवर्ड सांगून टाकला होता. एकाच्या निष्काळजीपणाने सगळे उघडे पडले. यादीत सर्वाधिक वेळा आलेला संकेत सुमारे 19 लाख नोंदींवर होता आणि तो 123456 चा निघाला. किल्लीशिवाय, गणिताशिवाय, नुसतं मोजून. आठ अक्षरांपेक्षा लांब पासवर्डांत पहिली आठ अक्षरं जुळली, की पहिला ब्लॉकही जुळायचा. पेंग्विनच्या पार्श्वभूमीत जे झालं, तेच इथे लाखो माणसांच्या बाबतीत झालं.

मग ब्लॉक जोडायचे कसे? सारख्या ब्लॉकांचे संकेत सारखे येऊ नयेत, तर प्रत्येक ब्लॉक कोशात शोधण्याआधी त्यात काहीतरी बदलतं मिसळावं लागतं. आयबीएममध्ये 1976 च्या सुमारास निघालेला उपाय असा: मागच्या ब्लॉकचा तयार झालेला संकेत पुढच्या ब्लॉकमध्ये मिसळायचा, मग कोश उघडायचा. याला सीबीसी म्हणतात, म्हणजे ब्लॉकांची साखळी. मिसळणं म्हणजे बिटांची बेरीज, पण हातचा न घेता.

छोट्या आकड्यांवर हे हाताने करता येतं. समजा, ब्लॉक म्हणजे एकच अंक आणि आपला कोश असा: 0 ला 7, 1 ला 3, 2 ला 9, 3 ला 0, 4 ला 6, 5 ला 1, 6 ला 8, 7 ला 2, 8 ला 5, 9 ला 4. चित्राची ओळ आहे 5 5 5 5 2 2 5 5, म्हणजे पार्श्वभूमी 5 आणि मधे पेंग्विनचा पाय 2. ईसीबीने ती होते 1 1 1 1 9 9 1 1. पाय कुठे आहे, ते सांगायला नको.

आता साखळी. पहिल्या अंकाच्या मागे काहीच नसतं, म्हणून सुरुवातीला एक यादृच्छिक अंक घ्यायचा, समजा 8. पाच आणि आठ तेरा, हातचा सोडला की 3, कोशात 3 ला 0. पुढे 5 आणि 0 मिळून 5, त्याला 1. मग 5 आणि 1 मिळून 6, त्याला 8. मग 5 आणि 8 म्हणजे पुन्हा 3, त्याला 0. पायाचा 2 आणि 0 मिळून 2, त्याला 9. दुसरा 2 आणि 9 मिळून अकरा, हातचा सोडून 1, त्याला 3. मग 5 आणि 3 मिळून 8, त्याला 5. शेवटी 5 आणि 5 दहा, हातचा सोडून 0, त्याला 7. ओळ झाली 0 1 8 0 9 3 5 7. पाय गेला. उलट येणंही सोपं आहे. कोश उलटा वाचायचा आणि मागचा संकेत वजा करायचा, तोही आपल्या हातात असतोच. सुरुवातीचा 8 गुप्त ठेवावा लागत नाही, पण तो दर वेळी नवा आणि आधी ओळखता न येणारा हवा.

या ओळीत 0 दोनदा आला. दहाच नोंदींचा कोश असेल, तर तसं लवकर होणारच. खऱ्या एईएसचा कोश अफाट आहे, म्हणून तिथे हे घडत नाही. आठ बाइटच्या जुन्या कूटलेखनांत मात्र, फार मोठा मजकूर एकाच किल्लीने पाठवला, तर अशा जुळण्या खरोखर होतात. कार्तिकेयन भार्गवन आणि गाएतान लुराँ यांनी 2016 मध्ये ‘स्वीट-32’ या नावाने ते दाखवून दिलं.

सीबीसी आणि त्याचे भाऊबंद अमेरिकेच्या प्रमाणात 1980 सालीच, ईसीबीच्या शेजारी छापले गेले. तरी ईसीबी अजून जिवंत का? कारण ते गप्प बसून आत शिरतं. जावामध्ये `Cipher.getInstance("AES")` एवढंच लिहिलं, तर ती भाषा काही न विचारता ईसीबी निवडते. मोडाचं नाव न लिहिणाऱ्या प्रोग्रामरला वाटतं, आपण एईएस वापरलं, म्हणजे झालं. टाळेबंदीत सगळे झूमवर आले तेव्हा, 2020 च्या एप्रिलमध्ये, टोरांटोच्या सिटिझन लॅबने दाखवलं, की झूमचा आवाज आणि चित्र ईसीबी मोडमध्ये एईएसने कूटबद्ध होत होतं. त्यानंतर काही आठवड्यांत झूमने आपल्या पाचव्या आवृत्तीत जीसीएम हा मोड आणला.

आज नवं काही लिहिताना साधारणपणे हाच जीसीएम निवडतात. त्याच्या पोटात सीटीआर, म्हणजे मोजणीचा मोड आहे. त्यात कोशात मजकूर शोधतच नाहीत, 1, 2, 3 असे चढते आकडे शोधतात. त्यांच्या पुढे त्या पाकिटापुरता एक क्रमांक लावलेला असतो. निघालेले संकेत मजकुरात मिसळायचे. आकडे कधी परत येत नाहीत, म्हणून संकेतही परत येत नाहीत. पांढऱ्या पार्श्वभूमीचे हजारो ब्लॉक हजारो वेगवेगळ्या तऱ्हांनी विस्कटतात आणि पडद्यावर फक्त मुंग्या दिसतात. जीसीएम याच्या जोडीला एक शिक्काही देतो, वाटेत कुणी एखादा बाइट बदलला तर तो जुळत नाही.

पण यात पाकिटाचा क्रमांक पुन्हा वापरला, तर सगळं वाया जातं. मी तेही करून पाहिलं. एकाच किल्लीने, एकाच क्रमांकाने दोन चित्रं कूटबद्ध केली: एक पेंग्विनचं, दुसरं कोऱ्या पांढऱ्या कागदाचं. दोन्ही फाइली सुट्या पाहिल्या, तर नुसत्या मुंग्या, पुनरावृत्ती मोजणारी वरची आज्ञा चालवली, तर एकही जोड नाही. मग त्या दोन फाइली एकमेकींत मिसळल्या, तीच हातच्याविना बेरीज. दोन्हींवर सारखाच थर चढलेला होता, तो एकमेकाला कापून गेला. किल्ली कुठेच लागली नाही. पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर उलट्या रंगांत पेंग्विन उभा होता, पाठ पांढरी, पोट काळं, चोच निळी, आणि या वेळी कडेला एक पिक्सेलचीही भरड नव्हती.